फॉरवर्डवर उपदेश करायचा तर: यार्देनकाठची वेदी, पौलाची सही आणि ‘ओलिसाबांग’

खोट्या मेसेजवरचे बहुतेक उपदेश एकाच जागी फसतात. उपदेशक दुसऱ्यांचे फॉरवर्ड घेतो: राजकारणातले, दुसऱ्या धर्माच्या ग्रुपांतले, कुठल्याशा औषधी काढ्याचे. मंडळी माना डोलावते, दोन ठिकाणी हसते आणि त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर येते, ‘आज रात्री २०० मिशनऱ्यांना ठार मारणार आहेत, ताबडतोब प्रार्थना करा आणि सर्व विश्वासणाऱ्यांना पाठवा.’ सकाळचा उपदेश ऐकलेल्या कुणालाही तो आणि हा मेसेज यांचा संबंध लागत नाही. यात प्रार्थना आहे, मग हा खोट्या बातमीत कसा मोडेल?

म्हणून माझे मत असे की हा उपदेश करायचा तर प्रार्थनेच्या फॉरवर्डवरच करावा. आपल्या घरचा मेसेज तपासायला मंडळी शिकली की बाहेरचे तपासणे अवघड जात नाही. उलटे मात्र होत नाही. पुढची मांडणी पाळक, वडील, संडे स्कूलचे शिक्षक किंवा अधूनमधून व्यासपीठावर उभे राहणारे सभासद यांच्यासाठी आहे. साधारण अर्ध्या तासाचा उपदेश आणि तयारीला दोन आठवडे हाताशी आहेत असे धरले आहे.

आधी मेसेज गोळा करा

तरुण संघातल्या दोघा-तिघांना सांगा की मंडळीच्या ग्रुपांवर गेल्या काही महिन्यांत आलेले फॉरवर्ड शोधून त्यांचे स्क्रीनशॉट काढा. पाठवणाऱ्याचे नाव, नंबर आणि प्रोफाइलचा फोटो तिथल्या तिथे खोडायला लावा. हे काम तुमच्यापर्यंत येण्याआधीच झालेले बरे. कुणाचे नाव तुम्हाला ठाऊक असले की उपदेशात नजर त्याच बाकाकडे जाते आणि मंडळीला ते लगेच कळते.

जमा झालेल्यांतून एकच मेसेज निवडा. चार-पाच दाखवायचा मोह होतो, पण मग उपदेशाचे प्रदर्शन होते आणि लोक घरी जाताना फक्त गंमत बरोबर नेतात. निवडताना तीन गोष्टी पाहा. मेसेज आपल्या लोकांनी मनापासून पाठवलेला असावा. तो खोटा असल्याचे तुम्ही स्वतः दाखवू शकत असाल तरच घ्या. आणि तो पाठवणारी व्यक्ती अजून चर्चेचा विषय झालेली नसावी. गेल्याच आठवड्यात एखाद्या मावशींच्या मेसेजवरून ग्रुपवर वाद झाला असेल, तर तो मेसेज कितीही सोयीचा असला तरी सोडून द्या.

हाताला काहीच लागले नाही, तर खाली एक जुना आणि खूप फिरलेला मेसेज उलगडून दाखवला आहे. तो वापरता येईल.

एक मेसेज तपासून पाहू

इंग्रजीत आणि नंतर अनेक भाषांत कित्येक वर्षे फिरत राहिलेल्या या मेसेजचा आशय असा: भारतातल्या मंडळीसाठी प्रार्थना करा. बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्च जाळली. आज रात्री ओलिसाबांग प्रांतातली २०० पेक्षा जास्त चर्च ते नष्ट करणार आहेत. येत्या २४ तासांत २०० मिशनऱ्यांना मारण्याचा त्यांचा बेत आहे. सगळे ख्रिस्ती लोक खेड्यांत लपून बसले आहेत. हा मेसेज तुमच्या ओळखीच्या सर्व विश्वासणाऱ्यांना पाठवा.

फोनला हात लावण्याआधी तो हळूहळू वाचा. भारतात प्रांत नाहीत, राज्ये आहेत. ओलिसाबांग नावाचे राज्य नाही, जिल्हाही नाही. ‘काल रात्री’ म्हणजे कोणत्या तारखेची रात्र? मेसेजवर तारीख नाही, म्हणून तो रोजच ताजा राहतो. २० चर्च जळाली, पण एकाही चर्चचे नाव नाही, एकाही पाळकाचे नाव नाही, आणि ही माहिती सांगणारा कोण तेही नाही. सगळे लपून बसले आहेत तर बातमी कुणी दिली? आणि भारतातल्या बौद्ध समाजाला महाराष्ट्रातली मंडळी शेजारी म्हणून ओळखते. ‘बौद्ध अतिरेकी’ हे शब्द वाचताच आपल्याकडच्या माणसाने थबकायला हवे होते. तरीही हा मेसेज आपल्याकडे येतो आणि पुढे जातो, कारण आपण तो वाचत नाही, नुसता सोसतो.

आता फोन घ्या. गूगलवर Olisabang एवढा एकच शब्द टाका. त्या नावाचे गाव किंवा जिल्हा नकाशावर सापडत नाही, सापडतो तो हाच मेसेज, वेगवेगळ्या वर्षांचा. हाच पुरावा पुरेसा आहे. दहा वर्षांपूर्वी ‘आज रात्री’ जळणार होते ते आजही ‘आज रात्री’च जळणार आहे. फिरणाऱ्या मेसेजमधले सर्वांत विचित्र विशेषनाम किंवा सर्वांत नेमके वाक्य निवडून तेवढेच शोधणे ही पहिली आणि बहुतेक वेळा पुरी पडणारी पायरी आहे. अख्खा मेसेज चिकटवला तर काही हाती लागत नाही.

मात्र इथे थांबलात तर उपदेश अर्धवट राहील. ओरिसात चर्च खरोखरच जळाली होती. २३ ऑगस्ट २००८ रोजी कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत तिथल्या ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले. माणसे मारली गेली, हजारो घरे आणि अनेक प्रार्थनामंदिरे जाळली गेली, हजारो कुटुंबे छावण्यांत राहिली. ‘ओलिसाबांग’ त्याच आठवणीवर पोसले गेले असावे. हे मंडळीला नक्की सांगा, कारण त्यातूनच नुकसान समजते. मेसेजने खरी दुःखे उचलली, मारणारे बदलले, गावाचे नाव पुसले आणि तारीख काढून टाकली. कंधमालच्या विधवेची साक्ष उद्या कुणी खोटी म्हणून झटकली, तर त्यात हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाचा वाटा आहे.

कोणते उतारे घ्यावेत

सत्यावरची वचने म्हटली की ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील’ आठवते. योहान ८:३२ या विषयासाठी मी घेणार नाही. तिथे येशू आपल्या वचनात राहण्याविषयी बोलत आहे, बातमीच्या खरेखोटेपणाविषयी नाही. खोटा उतारा लावून खरेपणावर बोलणे शोभत नाही. जिथे ऐकीव बातमी, तपास आणि परिणाम हे तिन्ही एकत्र सापडतात असे दोन उतारे पुरेत.

पहिला यहोशवा अध्याय २२. रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेपलीकडे आपल्या वतनाकडे परत जाताना नदीकाठी एक मोठी वेदी बांधतात. बातमी इस्राएलाच्या कानी येते. बाराव्या वचनात सगळी मंडळी शिलो येथे लढाईसाठी जमा होते. वेदी खरी आहे, डोळ्यांनी पाहता येते. खोटा आहे तो तिचा अर्थ. आजच्या भाषेत फोटो खरा, खालचा मजकूर खोटा. मग ते हल्ला करत नाहीत. फिनहास याजक आणि दहा सरदार, दर वंशातून एक, असे अकरा जण नदी ओलांडून विचारायला जातात.

या अकरांचे बोलणे उपदेशात वाचून दाखवा. ते गुळमुळीत विचारत नाहीत, स्पष्ट आरोप करतात. पण एकोणिसाव्या वचनात अशीही तयारी दाखवतात की तुमचा देश अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वतन घ्या. विचारायला गेलेला माणूस स्वतःची जमीन वाटून द्यायला तयार आहे. मग उत्तर येते की ही वेदी होमार्पणासाठी नाहीच, उद्या तुमची मुले आमच्या मुलांना ‘परमेश्वराशी तुमचा काय संबंध?’ असे म्हणतील म्हणून ती साक्षीसाठी बांधली. फिनहासाला ते पटते, तो परत येऊन सांगतो आणि लढाईची भाषा तेहतिसाव्या वचनात संपते.

फिनहास हे मनाने करत नव्हता. अनुवाद १३:१२–१४ मध्ये, आपल्या एखाद्या नगरातले लोक अन्य देवांकडे वळल्याचे कानी आले तर काय करायचे याचा नियम आहे: चौकशी कर, शोध कर, नीट विचारपूस कर, गोष्ट खरी व निश्चित ठरली तरच पुढचे पाऊल उचल. त्या नियमातली पुढची शिक्षा अतिशय कडक आहे आणि ती वगळून हा उतारा वाचणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन वाक्यांत सांगा की शिक्षा जितकी भयंकर, तितका आधीचा तपास पक्का मागितला आहे. त्याहून खोल त्या प्रकरणात शिरू नका, नाहीतर उपदेश दुसरीकडेच जाईल.

दुसरा उतारा २ थेस्सलनीकाकरांस २:१–३ आणि त्याच पत्रातले ३:१७. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी आवई थेस्सलनीकात उठली होती. पौल लिहितो की आत्म्याने, वचनाने किंवा जणू आमच्याकडून आलेल्या पत्राने एकदम चित्त ढळू देऊ नका. म्हणजे पौलाच्या नावावर भलतेच पत्र फिरण्याची धास्ती त्याला होती. आणि पत्र संपवताना तो सांगतो की हा सलाम मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, प्रत्येक पत्रातली खूण हीच. त्याच्या पत्रांचे लेखन दुसरा माणूस करत असे, सही मात्र त्याची. आपल्या लोकांना हे चटकन समजते, कारण त्यांच्याकडेही मोठ्या सुवार्तिकांच्या, बिशपांच्या, डॉक्टरांच्या नावाने मेसेज येतात आणि त्यावर कुणाच्याच हातची खूण नसते.

निर्गम २०:१६ ची आज्ञा शेवटी आणा, सुरुवातीला नको. आपल्या गणतीत ती नववी, कॅथलिक बांधवांच्या गणतीत आठवी. वसई किंवा गोव्याकडचे पाहुणे असतील तर आकडा न सांगता वचनच वाचा. तिच्याबरोबर निर्गम २३:१ जोडा, जिथे खोटी अफवा पसरवायला थेट मनाई आहे. ‘मी लिहिले नाही, फक्त पाठवले’ या सबबीला ते वचन जागा ठेवत नाही.

व्यासपीठावर क्रम कसा लावावा

पहिली चार-पाच मिनिटे मेसेजला द्या. तो मोठ्याने वाचा, गंभीरपणे, जसा तो खरा असल्यासारखा आला तसा. हसू येईल असे वाचू नका. मग विचारा, ‘हा मेसेज किती जणांना आला होता?’ हात वर होतील. ‘किती जणांनी पाठवला?’ हे कधीही विचारू नका.

त्यानंतर लगेच तो खोटा आहे असेही सांगू नका. सरळ यार्देनेकाठी जा. वेदीची गोष्ट हळूहळू सांगायला दहा मिनिटे लागतात आणि ती द्यावीत, कारण लोकांच्या लक्षात राहते ती हीच. बाराव्या वचनाशी, लोक लढाईसाठी जमा झाले आहेत तिथे, थांबा. तिथून आपल्याकडे या. शब्द साधारण असे असू शकतात:

‘भगिनींनो आणि बंधूंनो, शिलोत जमलेल्या लोकांजवळ फोन असते, तर वेदीचा फोटो दुपारपर्यंत बारा वंशांत पोहोचला असता. आणि खाली काय लिहिले असते ते तुम्ही मला सांगा. त्यांच्याजवळ फोन नव्हता, पण राग होता, तलवार होती आणि कारणही होते. तरी अकरा माणसे नदी उतरून विचारायला गेली.’

इथे राईनपाडा आठवावे असे मला वाटते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. लोकांनी या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. नदी ओलांडायची गरज नव्हती, समोर उभ्या माणसाला ‘तुम्ही कोण, कुठले’ एवढे विचारून त्याचे उत्तर ऐकून घ्यायचे होते. त्याच काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा निघाला. दोघे मोटारसायकलवर येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतले एक उचलतात. मूळ फिल्ममध्ये ते मूल लगेच परत आणून सोडतात आणि हरवणाऱ्या मुलांबद्दलचा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. वेदी खरी, अर्थ खोटा, तसेच.

राईनपाड्याबद्दल दोन गोष्टी पाळा. त्या घटनेचा व्हिडिओ दाखवू नका, आणि त्या गावाला नावे ठेवू नका. भटक्या समाजातली कुटुंबे तुमच्या मंडळीत असतील, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या आणि त्यांनी नको म्हटले तर हा भाग गाळा.

मग थेस्सलनीका, पाच मिनिटे. मग परत त्या पहिल्या मेसेजवर या आणि वर केला तसा तपास मंडळीसमोर करा: प्रांत कोणता, तारीख कोणती, चर्चचे नाव काय, सांगणारा कोण. प्रत्येक प्रश्नावर थोडे थांबा. ‘सांगणारा कोण’ या प्रश्नापर्यंत लोक स्वतःच कुजबुजू लागतात आणि मेसेज खोटा असल्याचे तुम्हाला बोलावेच लागत नाही. निर्गमातली आज्ञा वाचा आणि थांबा. वेळ उरला म्हणून आणखी उदाहरणे देऊ नका.

उपासनेनंतर फोन हातात घेऊन

उपदेशात फोन शिकवता येत नाही. चहाच्या वेळी दोन टेबले लावा आणि तरुण संघातल्या मुलामुलींना तिथे बसवा. त्यांना आधी बजावून ठेवा की आजी-आजोबांच्या हातातून फोन घ्यायचा नाही, बोट त्यांचेच चालू द्यायचे.

शिकवायचे फक्त दोनच प्रकार. पहिला म्हणजे बाण ओळखणे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर एक बाण दिसला तर तो फॉरवर्ड आहे, दोन बाण दिसले तर तो पाच किंवा अधिक हातांतून आला आहे. २०२० पासून असा दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ‘फोन बिघडलाय, पाच जणांना जातच नाही’ अशी तक्रार मावशी करतात तेव्हा फोन शहाणपणा करत असतो. मात्र मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण निघून जातो. बाण नाही म्हणजे मेसेज खरा, असे कुणी समजू नये.

दुसरा प्रकार फोटो शोधणे. गूगल अ‍ॅपमध्ये शोधायच्या पट्टीत कॅमेऱ्याचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवून आलेला फोटो निवडायचा. तोच फोटो आणखी कुठे आहे ते खाली दिसते. त्यात सर्वांत जुनी तारीख शोधायची. आजचा म्हणून आलेला फोटो पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की काम झाले. व्हिडिओ असेल तर दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट किंवा पोलिसाचा गणवेश दिसतो तिथे थांबवायचा, स्क्रीनशॉट काढायचा आणि तो शोधायचा. पाटीवरची लिपी कोणती हे पाहिले तरी निम्मे प्रश्न सुटतात.

या पद्धतीच्या मर्यादाही त्याच टेबलावर सांगा. आवाजाच्या क्लिपला, म्हणजे ‘मी अमुक हॉस्पिटलमधून बोलतोय’ छापाच्या मेसेजला, हा शोध चालत नाही. पडताळणी करणाऱ्या संस्था देशभर गाजलेले मेसेज तपासतात. फॅक्ट क्रेसेंडोचे काम मराठीतही वाचायला मिळते. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचे दावे पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाकडे तपासलेले सापडतात, पण त्याचा आवाका तेवढाच. तुमच्या तालुक्यातल्या घटनेसाठी यातले कुणीच उपयोगी नाही. तिथे फिनहासच पाठवावा लागतो, म्हणजे फोन लावावा लागतो.

‘सापडले नाही’ म्हणजे खोटे नव्हे

या उपदेशानंतर एक नवी चूक सुरू होते आणि ती पहिल्या चुकीइतकीच वाईट आहे. न आवडणारी प्रत्येक बातमी ‘फेक आहे’ म्हणून उडवली जाते. समजा, शेजारच्या तालुक्यात घरातल्या प्रार्थनासभेत काही लोक घुसले असा मेसेज रात्री आला. गूगलवर काही नाही, वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशीही काही येणार नाही. हा मेसेज खोटा ठरत नाही. तो ‘अजून माहीत नाही’ या खान्यात जातो.

अशा वेळी त्या भागातल्या ओळखीच्या पाळकाला किंवा सभासदाला फोन करा. तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले हे आधी विचारा. मग घटना किती वाजता, कुठल्या घरी, कुणाला लागले का, पोलिसांत गेले का. आणि शेवटी एक प्रश्न, जो बहुतेक जण विसरतात: हे आम्ही पुढे सांगितले तर तुम्हाला त्रास होईल का? खऱ्या घटनेत नाव आणि पत्ता फिरला की त्या कुटुंबाच्या दाराशी पुन्हा माणसे येऊ शकतात. आजारपणाचेही तसेच. सुनेचा गर्भपात झाला ही बातमी खरी असते, म्हणून ती ४०० लोकांच्या ग्रुपवर टाकायची नसते. नीतिसूत्रे ११:१३ इथे लागू पडते. खरे आहे एवढ्याने सांगण्याची परवानगी मिळत नाही. ज्याचे दुःख त्याला विचारावे लागते.

‘पण आम्ही तर फक्त प्रार्थना मागतो’ असे उत्तर येईल. त्यावर सांगण्यासारखे एवढेच की प्रार्थनेला फॉरवर्ड लागत नाही. मेसेज वाचून वाटले तर तिथेच डोळे मिटून प्रार्थना करा. खात्री होईपर्यंत बोट आवरायचे आहे, गुडघे नव्हे.

आजारी बाळाचा फोटो आणि खाली पैसे पाठवण्याचा क्यूआर कोड असा मेसेज आला तर हॉस्पिटलचा नंबर मेसेजमधून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच कळवायचे, उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते.

ग्रुपवर चुकीचे गेल्यावर

कमिटीने दोन माणसे नेमावीत, एक तरुण आणि एक जाणते. शंका आली की सभासदाने मेसेज आधी या दोघांना पाठवायचा, ग्रुपवर नाही. त्यांनी एका दिवसात तीनपैकी एक उत्तर द्यायचे: खरे, खोटे, किंवा अजून माहीत नाही. जाणती व्यक्ती का हवी? पन्नाशीतल्या काकांना वीस वर्षांच्या मुलाने ग्रुपवर ‘अंकल, हे फेक आहे’ असे लिहिले की काका तो मेसेज मागे घेत नाहीत, आणखी दोन पाठवतात. हेच एखाद्या जाणत्या भगिनीने फोन करून सांगितले तर काम होते. मत्तय १८:१५ मधला एकांतात जाऊन सांगण्याचा क्रम इथे जसाच्या तसा चालतो.

चुकीचा मेसेज ज्याने पाठवला त्यानेच तो सर्वांसाठी डिलीट करावा. व्हॉट्सअ‍ॅप त्याला दोन दिवसांपेक्षा थोडा अधिक वेळ देते. अ‍ॅडमिनला ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज काढता येतो, पण ते शेवटी करावे. आणि नुसते डिलीट पुरत नाही, कारण मेसेज तोवर नाशिकच्या मामांकडे आणि दुबईच्या भाच्याकडे पोहोचलेला असतो. त्याच जागी त्याच माणसाने लिहावे:

‘सलाम. काल रात्री चर्च जाळल्याबद्दलचा मेसेज मी इथे पाठवला होता. तपासल्यावर कळले की तो जुना आणि खोटा आहे. त्यात दिलेला प्रांत भारतात नाही. मी तो काढला आहे. आपण पुढे पाठवला असेल, तर हा मजकूरही तिथेच पाठवावा.’

यात मूळ फोटो पुन्हा जोडू नका, मूळ मेसेज पुन्हा चिकटवू नका. ‘सावध राहा, असा मेसेज फिरतो आहे’ म्हणून जोडलेला फोटोच पुढे फिरतो आणि खालची सूचना गळून पडते. ग्रुपवरच्या लोकांनीही या खुलाशावर हसण्याचे चिन्ह टाकू नये, हे उपदेशाच्या दिवशीच सांगून ठेवा. पहिल्याच खुलाशाला कुणी हसले तर दुसरा खुलासा येत नाही.

सगळ्यांत शेवटी व्यासपीठाकडे पाहावे लागते. उपासनेत वाचल्या जाणाऱ्या प्रार्थनाविनंत्या हाही फॉरवर्डच असतो, आणि त्यावर मंडळीचा विश्वास व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा जास्त. सेक्रेटरींनी एक वही ठेवावी. प्रत्येक विनंतीपुढे तारीख, ती कुणी दिली, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि नाव जाहीर करायला संबंधित कुटुंबाची हरकत नाही ना, एवढे लिहावे. वहीत सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर ती विनंती व्यासपीठावरून वाचू नये, अगदी पाळकसाहेबांनी आणली असली तरी. तीन आठवड्यांत कुणी नवी माहिती आणली नाही तर विनंती यादीतून काढावी आणि काढल्याचे सूचनांच्या वेळी, कारणासकट, सांगावे.